कमिटीचा फेरा आणि बोर्डाचा फेरा

माझी पहिली नोकरी एका बैलामुळं गेली असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात, आणि त्यानं शिंग मारलं का म्हणून विचारतात. बैल बिचारा गरीब होता. डोळ्यांना झापडं बांधून दिवसभर घाण्याभोवती फिरायचा आणि संध्याकाळी कडबा खाऊन बसायचा. अख्ख्या संस्थेत न कुरकुरता काम करणारा तेवढा एकच सभासद होता. माझी नोकरी घालवली ती त्याच्या मालकानं, आणि तीही त्रिकोणमितीचा एक ठराव एकमतानं पास करून.

पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. निजामी गेली, पण हैदराबाद राज्य अजून होतं, आणि आमच्या बिदरकडं गावोगावी हायस्कुलं काढायची टूम निघाली होती. दुबलगुंडीच्या अलीकडच्या एका बाजाराच्या गावानंही एक काढलं. इमारत नव्हती, म्हणून कमिटीच्या अध्यक्षांनी आपल्या तेलाच्या घाण्याशेजारची करडईची वखार दिली. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. वखार दिल्यामुळं शाळा आपलीच, मास्तर आपलेच आणि ओघानं गणितही आपलंच, अशी अप्पांची सरळ समजूत होती. कोणत्याही तासाला ते मागून आत यायचे आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून शिकवणं ऐकायचे. त्यांच्या अंगाला खुरसणीच्या पेंडीचा वास यायचा, त्यामुळं मागं न पाहताही वर्गाला कळायचं.

मी नौबादचा. हैदराबादला शिकलो ते उर्दूतून, म्हणजे कोनाला झाविया आणि साइनला जैब म्हणत गणित पाठ केलेलं. इथं ते मराठीतून शिकवायचं होतं. हेडमास्तर जुन्या फारसी-उर्दू वळणाचे, गणितात खरोखर हुशार, पण निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेला माणूस जितका शूर असू शकतो तितकेच शूर. माझी नेमणूक एका वर्षाच्या बोलीवर होती. उन्हाळ्यात तपासणीला इन्स्पेक्टर येणार, त्यांचा शेरा पाहून कमिटी मला कायम करणार किंवा नारळ देणार. या ‘कायम’वर माझं आणखी एक काम अडलं होतं. कमठाण्याच्या एका घरची मुलगी मी पाहून आलो होतो आणि मला ती फार आवडली होती. तिच्या वडिलांनी पत्रिका पाहिली, घर पाहिलं, आणि शेवटी म्हणाले की मास्तर कायम झाले की सुपारी फोडू. त्यामुळं त्या वर्षी माझ्या डोक्यात दुसरा विषय नव्हता.

मॅट्रिकच्या ऐच्छिक गणिताला माझ्याकडं मोजकीच पोरं होती. पोरं म्हणायची आपली पद्धत. रझाकारी गडबडीत शाळा बुडालेल्या, त्यामुळं काहींना चांगल्या मिशा होत्या आणि दोघांची लग्नं झालेली होती. त्यातला दुबलगुंडीचा एक लिंगायत घरचा होता. घरी कानडी, बाजारात मराठी, आणि रागावला की दखनी. चेहरा असा कोरा की तो चेष्टा करतोय की शंका विचारतोय हे मला वर्ष संपलं तरी ओळखता आलं नाही. वर्गात सगळ्यात वयानं मोठा, म्हणून मी त्यालाच मॉनिटर केलं होतं.

मोठ्या कोनांचा धडा आला. अकराशे दहा अंशांचा साइन काढा, उणे चारशे वीसचा कोसाइन काढा, असली गणितं. वर्ग घाबरला. एका पोरानं कोष्टकाचं पुस्तक शेवटपर्यंत उलगडून पाहिलं आणि म्हणाला, यात नव्वदच्या पुढं काहीच छापलं न्हाई, सर. मी म्हणालो, छापायची गरज नाही, खिडकीतून बाहेर बघा.

खिडकीतून घाणा दिसायचा. त्याच्या उत्तरेला लिंबाचं झाड, दक्षिणेला विहीर, पूर्वेला आमची वखार. मी म्हणालो, बैल वखारीकडून निघाला असं समजा. एक फेरा म्हणजे तीनशे साठ अंश. तीन फेरे झाले, एक हजार ऐंशी, बैल कुठं? पोरं म्हणाली, वखारीकडंच. मग अकराशे दहा म्हणजे तीन फेरे आणि वर तीस. फेरे टाकून द्या. बैल किती चालला याच्याशी साइनला कर्तव्य नाही, थांबला कुठं तेवढंच त्याला पाहिजे. तीस अंशांचा साइन अर्धा, म्हणून अकराशे दहाचाही अर्धा.

मग मी पुढची पायरी सांगितली. वखारीपासून घाण्यातून पलीकडं एक आडवी रेघ ओढली आहे असं समजा. या रेघेच्या वर, लिंबाकडं, बैल किती सरकला तो साइन. रेघेच्या खाली, विहिरीकडं गेला तर तोच उणे. आणि वखारीकडं किती, तो कोसाइन. वखारीच्या उलट बाजूला गेला तर कोसाइन उणे. बैल कुठंही थांबो, तो आडव्या रेघेशी जो लहानसा कोन करतो तो पाहायचा. त्याला मी ‘घरचा कोन’ नाव दिलं. दीडशेचा घरचा कोन तीस, दोनशे दहाचा तीस, तीनशे तीसचाही तीस. घरचा कोन आकडा सांगतो, आणि बैल चार चरणांतल्या कोणत्या चरणात उभा आहे त्यावरून चिन्ह ठरतं. एवढं जमलं की लाखाचा कोन आला तरी भ्यायचं कारण नाही.

पोरांच्या तोंडावर उजेड पडला. मलाही फार बरं वाटलं. तेवढ्यात मागून पेंडीचा वास आला.

अप्पांनी आधी शंका काढली ती फेऱ्यांची. एवढा अकराशे दहाचा कोन आणि उत्तर नुसता अर्धा? बाकीचं कुठं गेलं, कुणी खाल्लं? मी म्हणालो, फेरे सुटतात, ते धरायचे नसतात. यावर त्यांचा चेहरा पडला. आयुष्यभर घाणा चालवलेल्या माणसाला फेरे टाकून द्या म्हणणं म्हणजे किराणावाल्याला वजनं फेकून दे म्हणण्यासारखं होतं.

“मास्तर,” ते म्हणाले, “तेल फेऱ्यातूनच निघतंय. थांबल्या बैलातून न्हाई निघत.”

वर्ग हसला आणि मीही हसलो, कारण बोलणं खरंच नामी होतं. तिथंच ते प्रकरण मिटलं असतं. पण अप्पांची नजर फळ्यावर गेली. तिथं मी वर्तुळ काढून बाण दाखवला होता. बाण वखारीकडून निघून लिंबाकडं वर चढत होता, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट, कारण जगभर गणितात धन कोन तसाच मोजतात. बाहेर अप्पांचा बैल मात्र वखारीकडून आधी विहिरीकडं जायचा, देवाला उजवी घालावी तसा. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घाण्याला बैल तसाच जुंपला जायचा. अप्पा काही वेळ एकदा खिडकीतून आणि एकदा फळ्याकडं पाहत राहिले.

“ह्यो बाण उलटा कामून फिरवायलाव?”

मी सांगितलं की ती रीत आहे. या दिशेला धन म्हणायचं आणि काट्याच्या दिशेला ऋण.

“धन?” अप्पा पोत्यांवरून उठले. “मास्तर, उलटा फेरा मढ्याला घालत्यात. त्याला तुमी धन म्हणायलाव, अन् देवाच्या फेऱ्याला उणं? लेकराबाळांच्या शाळेत?”

इथं मी तोंड आवरायला हवं होतं असं माझी बायको आजही म्हणते. मला ते पटत नाही. मी शांतपणे म्हणालो की शंकराच्या देवळात आपण पिंडीच्या पन्हाळीपर्यंत उजवे जातो आणि ती ओलांडायची नाही म्हणून उलटे परत येतो. म्हणजे अर्धी वाट आपण सगळेच दर सोमवारी उलटे चालतो आणि अजून कुणी मेलेलं नाही. मॉनिटर मागून गंभीरपणे म्हणाला, मग तितला कोन शून्य येतो न सर? मी व्हय म्हणालो. अप्पा म्हणाले की ते परत येणं झालं, फिरणं नव्हं. आणि ते वर्गातून गेले.

त्या आठवड्यात कमिटीची बैठक बसली. कमिटी कशी होती ते सांगितलं पाहिजे. निम्मे सभासद मराठी शाळा म्हणायचे, निम्मे कानडी. शाळेची पाटी कोणत्या लिपीत असावी यावर वर्षभर वाद चालला होता आणि त्यामुळं शाळेला पाटीच नव्हती. घंटा कुठं टांगायची यावरही मतं पडली होती. अशा या कमिटीत त्रिकोणमितीवर मात्र एका बैठकीत, एका चहात एकमत झालं. यापुढं या शाळेत धन कोन उजव्या फेऱ्यानंच काढावा. अप्पांनी मांडलं आणि एका वकिलानं अनुमोदन दिलं. लिंगायत अडत्यांना मढ्याभोवती फिरण्याचा प्रश्नच नव्हता, ते पुरणारे. पण तेही म्हणाले की विनाकारण उलटं कामून जायचं. धर्म, भाषा, जात, सगळं विसरून माणसं एकत्र आली, आणि आली ती चुकीसाठी.

मला बोलावलं. मी सांगितलं की असं केलं तर उत्तरं चुकतील. वकिलाला हे शहाणपण वाटलं नाही. ते म्हणाले, प्रात्यक्षिक करू. त्यांनी पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं ते चारशे ऐंशीच्या कोसाइनवर. माझं नशीब बघा. चारशे ऐंशीतून एक फेरा काढला की एकशे वीस. पुस्तकाच्या रीतीनं बैल लिंबाकडून फिरून दुसऱ्या चरणात थांबतो, घरचा कोन साठ, वखारीच्या उलट बाजूला, म्हणून उत्तर उणे अर्धा. कमिटीच्या रीतीनं तो विहिरीकडून फिरून तिसऱ्या चरणात थांबतो. घरचा कोन तोच साठ, तोही वखारीच्या उलट बाजूलाच, उत्तर उणे अर्धाच. वकिलानं पुस्तकाच्या मागं उत्तर पाहिलं आणि ते सगळ्यांना फिरवून दाखवलं.

अप्पा म्हणाले, “बगितलं? देवाच्या फेऱ्यानं कायबी बिगडत न्हाई.”

मी म्हणालो, कोसाइनचं बिघडत नाही, कारण लिंबाकडून जा की विहिरीकडून जा, वखारीपासूनचं अंतर सारखंच राहतं. साइनचं बिघडतं. तोच चारशे ऐंशीचा साइन काढा. पुस्तकाच्या बैलाचा धन येईल, तुमच्या बैलाचा ऋण. तुम्हाला फेरा उजवाच हवा असेल तर विहिरीकडची बाजू धन धरू, म्हणजे सगळं जमेल. यावर अप्पा म्हणाले, वर ते वरच, खालच्याला धन कसं म्हणायचं? एका माणसानं एकाच बैठकीत फेरा बदलायला लावावा आणि दुसऱ्या दमात खालीवर बदलायला नकार द्यावा, याला मी काय म्हणणार. वकील म्हणाले की दोनातलं एक उत्तर बरोबर आलं म्हणजे रीत निम्मी तरी सिद्ध झाली.

हेडमास्तरांनी मला बाहेर ओसरीवर नेलं. त्यांना माझं सगळं म्हणणं पटलं होतं, म्हणूनच ते इतके अस्वस्थ होते. त्यांनी पानाची डबी उघडली आणि समजुतीच्या सुरात तोड सांगितली. कोसाइन दोन्हीकडून सारखा येतो ना? मग कोसाइन शिकवा. साइनला कोण बोलावतंय? मी म्हणालो, साहेब, बोर्ड बोलावतंय, पेपरात. ते म्हणाले, पेपर उन्हाळ्यात आहे, कमिटी रोज आहे.

हे वाक्य मी घोकत घरी गेलो. रात्री कमठाण्याच्या त्या घराची आठवण आली. ठराव पाळला तर पोरं साइनला आणि टॅनला साफ आपटणार होती. नाही पाळला तर मी आपटणार होतो. शेवटी मी जे केलं ते आमच्या या सीमेवरच्या माणसाला आईच्या दुधाबरोबरच येतं. घरी एक भाषा, कचेरीत दुसरी, बाजारात तिसरी, हे आम्ही जन्मभर करतो. मी पोरांना सांगितलं, अप्पा वर्गात असले की कमिटीचा फेरा काढायचा, आणि परीक्षेत बोर्डाचा. कमिटीचा बाण विहिरीकडं, बोर्डाचा लिंबाकडं. कुणालाही हे दोनदा सांगावं लागलं नाही. उलट त्यांना त्यात गोडी लागली. पेंडीचा वास आला की फळ्यावर उभा असलेला पोरगा बाण पुसून उलट काढायचा, आणि वास गेला की परत सरळ. कुणी शिकवलं नसतं इतकं त्या पोरांना ऋण कोनांचं गणित पक्कं झालं. एकच कोन दोन्ही बाजूंनी काढल्यामुळं कोसाइन का बदलत नाही आणि साइन का उलटतो हे त्यांना हाडामासात कळलं. त्याचं श्रेय मी कमिटीला देतो.

अप्पा खूष होते. मास्तर वळणावर आले असं त्यांनी कमठाण्यापर्यंत कळवलं. मुलीच्या वडिलांचा निरोप आला की सुपारी आणून ठेवली आहे.

उन्हाळ्यात इन्स्पेक्टर आले. हैदराबादहून आलेले, तेलंगणाकडचे, उर्दूत विचार करणारे आणि इंग्रजीत लिहिणारे गृहस्थ. त्यांना ऊन सोसत नव्हतं आणि अप्पांच्या घरी पुरणाचा स्वयंपाक चालू असल्याची बातमी त्यांना लागली होती. दोन वर्ग त्यांनी उभ्याउभ्या उरकले. आमच्या वखारीत आले तेव्हा मात्र खुर्चीवर बसले. शेजारच्या खुर्चीवर अप्पा, पलीकडं वकील, दारात हेडमास्तर. माझ्या दुर्दैवानं साहेबांचा विषयही गणितच होता.

त्यांनी फळ्याकडं न पाहताच प्रश्न टाकला. उणे एक हजार दोनशे नव्वद अंशांचा साइन.

कोसाइन विचारला असता तर मी त्याच महिन्यात लग्न केलं असतं. मी मॉनिटरला उठवलं, कारण तो चुकणार नाही याची मला खात्री होती. तो फळ्याशी गेला. खडू घेतला. उणे एक हजार दोनशे नव्वदमध्ये चार फेरे, म्हणजे एक हजार चारशे चाळीस मिळवले, राहिले एकशे पन्नास, असं त्यानं मोठ्यानं सांगितलं. साहेबांनी मान हलवली. त्यानं वर्तुळ काढलं. मग त्याचा हात थांबला. त्यानं अप्पांकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, आणि आपल्या त्या कोऱ्या चेहऱ्यानं विचारलं,

“साहेब, कमिटीचं सांगू का बोर्डाचं?”

त्यानं ते मुद्दाम विचारलं की खरोखर अडचण पडून, हे मला आजही माहीत नाही. मी त्याला पुढं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, सर, अप्पाबी व्हते अन् बोर्डाचे साहेबबी व्हते, मी काय करायचं?

साहेब पुढं वाकले. म्हणाले, दोन्ही सांग. त्यानं दोन्ही काढली. बोर्डाचा बाण लिंबाकडून दीडशेवर, दुसरा चरण, घरचा कोन तीस, रेघेच्या वर, उत्तर धन अर्धा. कमिटीचा बाण विहिरीकडून दीडशेवर, तिसरा चरण, घरचा कोन तीस, रेघेच्या खाली, उत्तर उणे अर्धा. अक्षर सुंदर, एकही खोडातोड नाही. अप्पांची छाती फुगली. ते साहेबांना म्हणाले की आमच्या शाळेत दोन्ही शिकवतात, बाकीच्या शाळांत एकच शिकवतात.

साहेबांना सगळं कळलं होतं. त्यांच्या ओठाचा कोपरा हलताना मी पाहिला. त्यांना तिथंच सांगता आलं असतं की बाबांनो, यातलं एक चूक आहे. पण पुरणाचा वास वखारीपर्यंत आला होता आणि यजमान शेजारी बसले होते. त्यांनी तो प्रश्न माझ्याकडं वळवला. म्हणाले, मास्टर साहब, आप बताइए, सही कौनसा?

दारातून हेडमास्तर माझ्याकडं बघत होते. त्यांचे ओठ ‘दोनो’ म्हणत होते. दोन्ही म्हटलं असतं तर सगळे जेवायला गेले असते, माझीही पंगत लागली असती आणि सुपारीही फुटली असती. मी तसं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. पण समोर ती मिशावाली पोरं बसली होती, आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती. वर्षभर मी त्यांना दोन तोंडं शिकवली होती. आता खरं कुठलं, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. मला अप्पांचा नाही, त्या साहेबांचा संताप आला. ज्याला माहीत आहे तोच विचारतो, आणि ज्याची नोकरी जाईल त्याला विचारतो.

“बोर्डाचं,” मी म्हणालो. “कमिटीचं साइनला चुकतं. कोसाइनला बरोबर येतं ते कमिटीमुळं नव्हे.”

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती हे मला मान्य आहे. पण ते बोलून मला जे बरं वाटलं तसं त्यानंतर क्वचितच वाटलं.

साहेब ‘अच्छा’ म्हणाले आणि जेवायला उठले. मला पंगतीला बोलावणं आलं नाही. साहेबांचा शेरा नंतर हेडमास्तरांनी मला वाचून दाखवला. गणिताची तयारी उत्तम, शिक्षक विद्वान, परंतु संस्थाचालकांशी सामंजस्य वाढवावं. इतकं गोल वाक्य मी त्रिकोणमितीतही पाहिलं नव्हतं. कमिटीनं त्यातला शेवटचा तुकडा तेवढा धरला आणि बाकीचे फेरे टाकून दिले. एवढ्यापुरती माझी शिकवण त्यांनी घेतली. वर्ष संपताच मला नारळ मिळाला. कमठाण्याची सुपारी न फुटता वाण्याकडं परत गेली आणि ती मुलगी पुढच्या वैशाखात उदगीरला दिली. मी चार दिवस जेवलो नाही. मग जेवलो.

मॅट्रिकच्या पेपरात साइन आला होता, टॅनही आला होता. माझी पोरं सगळी गणितात पास झाली, मॉनिटर तर तालुक्यात पुढं आला. कमिटीनं सत्कार केला तो अप्पांचा. वकिलांनी भाषणात सांगितलं की फेरा वेळेवर सुधारला म्हणून हा निकाल लागला. हे मला मॉनिटरनंच येऊन सांगितलं, त्याच कोऱ्या चेहऱ्यानं.

मला पुढं बिदरला सरकारी शाळेत जागा मिळाली. तिथं कमिटी नव्हती, नुसतं सरकार होतं. दुसऱ्या एका घरची मुलगी पाहिली, त्यांनी कायम-बियम काही विचारलं नाही, आणि तीच आज मला तोंड आवरायला सांगते. अप्पांशी मी बोलत नव्हतो. त्यांचा माणूस बिदरच्या बाजारात तेल घेऊन यायचा, मी दुसऱ्याकडून घ्यायचो. तेल त्यांचंच चांगलं होतं.

राज्य मोडायची बोलणी चालू होती त्या साली अप्पा वारले. बिदर म्हैसूरला जाणार की कुठं, यावर लोक भांडत होते, आणि अप्पा कुठंच न जाता मधेच गेले. मॉनिटरनं निरोप पाठवला. तो आता त्याच वखारीत गणिताचा मास्तर होता, आणि कायम होता. मी जाणार नाही म्हणालो आणि गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. माणसाचा राग आला म्हणून त्याच्या मढ्यावर काढायचा नसतो, असं आई म्हणायची.

ओढ्याकाठी चिता रचली होती. थोरला मुलगा खांद्यावर मडकं घेऊन उभा राहिला. भटजींनी त्याला खुणेनं डावीकडून वळवलं, आणि तो उलटा फिरू लागला. मडक्याला भोक पाडलं, पाण्याची धार मागं पडत होती. मॉनिटर माझ्या शेजारी उभा होता.

“सर,” तो हळूच म्हणाला, “अप्पाला शेवटी बोर्डाचाच फेरा घालायलेत.”

मला हसू आलं. मुलगा फिरत होता. तिसरा फेरा पुरा झाला, त्यानं मडकं मागं टाकलं, आणि तो जिथून निघाला होता तिथंच उभा राहिला. एक हजार ऐंशी.

“साइन किती, सर?”

“शून्य.”

“अन् कोसाइन?”

“एक,” मी म्हणालो. “तो दोन्हीकडून एकच येतो. तेवढं अप्पांचं बरोबर होतं.”